निगेटिव्ह कीवर्ड: केळीचा भाव विचारणारा अडवा, रोपांचा भाव विचारणारा अडवू नका

प्रश्न: भाऊ, रावेर तालुक्यात माझी टिश्यू कल्चर केळी रोपांची नर्सरी आहे, फक्त जी-नाईन. गूगल अॅड्सवर महिन्याला १५ हजारांच्या आसपास जातात. फोन येतात ते केळीचा आजचा भाव विचारणारे, नोकरी मागणारे, नाहीतर कॉलेजची पोरं. पोरानं कुठंतरी वाचून शंभरेक निगेटिव्ह कीवर्ड टाकले. नको ते फोन थोडे कमी झाले, पण बुकिंगचे फोन निम्म्यावर आले. आता सगळे काढून टाकू की अजून टाकू? सर्च टर्मचा रिपोर्ट आणि टाकलेल्या निगेटिव्हची यादी पाठवतोय.

उत्तर:

सगळे काढू नका आणि आंधळेपणानं अजून टाकूही नका. यादी पाहिली. पोरानं दोन वेगवेगळ्या गोष्टी केल्यात. त्यातली एक नुसती निरुपयोगी आहे, दुसरी घातक.

निरुपयोगी आधी. रिपोर्टमध्ये एकेका ओळीपुढे टिक करून निगेटिव्हमध्ये टाकलेल्या ऐंशीएक ओळी यादीत आहेत. तिथून टाकलं की गूगल ती ओळ चौकटी कंसात घालतं, म्हणजे `[रावेर केळी भाव आजचे]` अशी. याचा अर्थ एवढाच की कोणी नेमके हेच चार शब्द, याच क्रमानं, मागेपुढे काहीही न लावता टाइप केले तरच जाहिरात अडेल. उद्या कोणी ‘आजचे रावेर केळी भाव’ लिहिलं की जाहिरात पुन्हा दिसणार. एक ओळ अडली की तिच्या चार बहिणी दुसऱ्या वाटेनं येतात. अशा ओळी वर्षभर टिक करत बसलात तरी संपणार नाहीत.

घातक भाग आहे हातानं टाइप केलेल्या वीसेक शब्दांचा: भाव, rate, price, माहिती, अनुदान, बुरहानपुर वगैरे. हे सुटे शब्द कोणत्याही खुणेशिवाय टाकलेत, म्हणजे तो शब्द शोधात कुठंही आला की जाहिरात बंद. ‘जी नाईन केळी रोप भाव’ विचारणारा शेतकरी हे तुमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. त्यानं केळी लावायचं ठरवलंय, जात ठरवलीय, आता फक्त पैशाचं गणित करतोय. नेमका तोच अडला. बुरहानपुर तर तुमच्या शेजारचा केळीचा पट्टा, तिकडचा शेतकरीही तुमच्याकडूनच रोपं नेऊ शकतो.

यात एक ओंगळ गोष्ट अशी की अडलेला शोध रिपोर्टमध्ये कधीच दिसत नाही. जे आले त्यांचीच नोंद असते. चुकीचा निगेटिव्ह त्यामुळं गप्प बसून नुकसान करतो. रिपोर्ट स्वच्छ दिसायला लागतो, माणूस खूश होतो आणि फोन कमी का झाले ते कळत नाही.

खुणांचा फरक

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून एकदा नीट बघा. निगेटिव्ह तीन प्रकारे लिहिता येतो:

```
केळी भाव
"केळी भाव"
[केळी भाव]
```

पहिला, खुणेशिवाय: दोन्ही शब्द शोधात असले की अडेल, क्रम कसाही असो, मध्ये काहीही असो. म्हणजे ‘केळी रोप भाव’ पण अडेल. दुसरा, अवतरणात: दोन्ही शब्द लागून आणि याच क्रमानं असले तरच अडेल, पुढेमागे इतर शब्द चालतील. यात ‘रावेर केळी भाव आजचे’ अडतो, ‘केळी रोप भाव’ सुटतो. तिसरा, चौकटी कंसात: फक्त तेवढेच दोन शब्द.

आता यातली मेख. जाहिरात दाखवायचा कीवर्ड आणि अडवायचा कीवर्ड एकाच नियमानं चालत नाहीत. दाखवायचा कीवर्ड गूगल अर्थावरून जुळवतं. तुम्ही `tissue culture banana` असा सैल, म्हणजे ब्रॉड मॅचचा कीवर्ड ठेवलाय. तो मराठी, हिंदी, रोमन लिपीतली मराठी, सगळीकडे पोचतो. ‘केले का भाव’ शोधणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसली ती त्यामुळंच. अडवायचा कीवर्ड मात्र अक्षरं पाहतो. `mandi` लिहिलंत तर `मंडी` अडत नाही. `job` लिहिलंत तर `jobs` अडत नाही, `नोकरी` अडत नाही आणि `नौकरी` तर नाहीच. २०२४ पासून स्पेलिंगच्या चुका गूगल आपणहून धरतं, पण एकवचन-अनेकवचन, समानार्थी शब्द आणि दुसऱ्या भाषेतला तोच शब्द अजूनही आपल्यालाच लिहावा लागतो. आपल्या दुरुस्ती-दुरूस्ती छापाच्या ऱ्हस्वदीर्घावरही मी विसंबत नाही, दोन्ही टाकतो.

मराठीत यावर आणखी एक थर चढतो. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीत बनाना एकदा लिहिला की झालं. मराठीत केळी, केळीचा, केळीचे, केळीच्या, केळ्याचा हे गूगलच्या निगेटिव्हच्या लेखी पाच वेगळे शब्द आहेत. म्हणून `"केळी भाव"` अडवलं तरी ‘केळीचे भाव’ खुशाल आत येतो. इंग्रजी व्हिडिओ पाहून यादी करणाऱ्यांचं पाणी इथंच मुरतं.

तुमचा रिपोर्ट काय सांगतो

पोरानं निगेटिव्ह टाकले त्याच्या आधीचे ३० दिवस मी घेतले, कारण खरं चित्र तिथं आहे. एकूण खर्च १४,८०० रुपये. त्यातले ९,६०० रुपये दिसणाऱ्या ओळींवर आणि ५,२०० रुपये तळाशी ‘इतर शोध’ म्हणून एकत्र. ही इतरची रास सगळ्यांच्याच खात्यात असते. २०२० पासून गूगल पुरेशा लोकांनी न शोधलेल्या ओळी दाखवत नाही, आणि त्या उघडून बघायची सोय नाही.

दिसणाऱ्या ९,६०० रुपयांपैकी बाजारभाव शोधणाऱ्यांवर २,९०० गेले, अभ्यासवाल्यांवर १,३००, नोकरीवर ५०० आणि केळी खाण्याचे फायदे, चिप्स, कुंडीतलं झाड अशा किरकोळीवर ४००. उरलेले ४,५०० रोपांच्या शोधांवर. इतरच्या राशीत हेच प्रमाण असेल असं धरायला हरकत नाही. थोडक्यात, निम्म्याहून जास्त पैसा वाहून जात होता. पोराचं निदान बरोबर होतं, औषध चुकलं.

ही इतरची रास आहे म्हणूनच मी ओळी नाही, शब्द अडवतो. न दिसणारी ओळ टिक करता येत नाही. पण `लिलाव` हा शब्द अडवला की दिसणाऱ्या ओळींतला लिलावही थांबतो आणि न दिसणाऱ्यांतलाही.

म्हणून रिपोर्ट ओळीओळीनं वाचायच्या ऐवजी शब्दवार बेरीज करा. रिपोर्ट शीटमध्ये उतरवा. A मध्ये शोध, B मध्ये रूपांतरणं, म्हणजे तुमच्या बाबतीत फोनचं बटण दाबणं, आणि C मध्ये खर्च. D मध्ये शोधाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मोकळी जागा जोडा. F मध्ये तपासायचे शब्द लिहा. G मध्ये त्या शब्दाचा खर्च येईल, H मध्ये फोन.

```
D2:  =" "&A2&" "
G2:  =SUMIF(D:D,"* "&F2&" *",C:C)
H2:  =SUMIF(D:D,"* "&F2&" *",B:B)
```

मोकळ्या जागेची भानगड अशासाठी की नाहीतर `भाव` शोधताना `बाजारभाव` पण मोजला जातो, आणि आपल्याला ते दोन वेगळे हवेत.

तुमच्या शीटवर हे चालवलं. `भाव`, `rate`, `price` या तिघांवर मिळून ३,४०० रुपये खर्च आणि ११ फोन. पोरानं खर्चाचा आकडा पाहिला आणि तिन्ही शब्द कापले. पण ते ११ फोन ज्या ओळींतून आले त्या उघडून पाहिल्या, तर प्रत्येक ओळीत रोप, रोपे, plant, पौधा किंवा जी-नाईन यातलं काहीतरी होतंच. ज्या ओळींत यातलं काहीच नव्हतं त्यांनी २,६०० रुपये खाल्ले आणि एकही फोन दिला नाही. म्हणजे दोष भाव या शब्दाचा नाही. रोपाशिवायचा भाव वाईट, रोपासकट भाव चांगला.

आता गूगलला ‘रोप नसेल तर भाव अडव’ असं सांगता येत नाही. निगेटिव्हमध्ये ‘असेल तर’ आहे, ‘नसेल तर’ नाही. म्हणून हे काम दोन बाजूंनी करावं लागतं.

पहिली बाजू दाखवायच्या कीवर्डची. सैल `tissue culture banana` थांबवा. त्याच्या जागी अवतरणातले, रोपाचा उल्लेख असलेले ठेवा: `"केळी रोपे"`, `"जी नाईन केळी रोप"`, `"g9 banana plant"`, `"केला पौधा"`, `"keli rop"`. अवतरणातला दाखवायचा कीवर्डही आजकाल थोडा अर्थावर चालतो, त्यामुळं चुकार शोध येत राहतील, पण गर्दी ओसरेल. सैल कीवर्ड तसाच ठेवून निगेटिव्हनं लढायचं म्हटलं तर ते काम कधी संपणार नाही.

दुसरी बाजू निगेटिव्हची. `भाव`, `rate`, `price`, `दर` हे सुटे चारही शब्द आजच काढा. त्यांच्या जागी असे शब्द टाका जे फक्त बाजारभाव शोधणाराच लिहितो:

```
बाजारभाव
लिलाव
मंडी
mandi
आजचा
आजचे
today
"आज का"
"बाजार भाव"
"केळीचे भाव"
[केळी भाव]
[banana rate]
```

शेवटचे दोन चौकटी कंसात का, ते पाहा. `"banana rate"` असं अवतरणात टाकलं असतं तर ‘g9 banana rate’ हाही शोध अडला असता, कारण त्यात दोन्ही शब्द लागून आहेत. त्यामुळं तिथं फक्त नेमका तेवढाच शोध अडवला. उलट `today` सुटा टाकला, कारण रोपाचा दर रोज बदलत नाही आणि रोपं घेणारा सहसा ‘आजचा’ विचारत नाही. एखाददुसरा तसा लिहिणारा जाईल. तो तोटा परवडतो.

यादी नमुन्याची आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये `aajche`, `bhav aaj`, `केला भाव` अशी रोमन आणि हिंदी रूपं आहेत, तीही याच पद्धतीनं जोडा. स्वतःच्या डोक्यानं सगळी रूपं काढत बसू नका. रिपोर्टमध्ये लोकांनी लिहिलेलीच उचला, लोक कसं लिहितात ते आपल्याला सुचत नाही.

बाकीचे शब्द

नोकरी आणि अभ्यास सोपे आहेत. `नोकरी`, `नौकरी`, `naukri`, `job`, `jobs`, `vacancy`, `भरती`, `पगार`, `salary` बिनधास्त सुटे टाका. रोपं घेणारा यातलं काही लिहीत नाही. `pdf`, `ppt`, `notes`, `protocol`, `course`, `lab`, `प्रयोगशाळा`, `"म्हणजे काय"` हेही तसंच. `टिश्यू` अडवू नका हे सांगायला नको, पण `"tissue paper"` अवतरणात टाका, चार ओळी आहेत त्याच्या. कुंडीवाल्यांसाठी `कुंडी`, `गमला`, `amazon`, `terrace`. तुम्ही हजाराखाली रोपं देत नाही, त्यामुळं एक झाड मागणारा कितीही गोड बोलला तरी उपयोग नाही. फक्त जी-नाईन आहे म्हणून `"red banana"`, `"लाल केळी"`, `इलायची`, `elaichi` टाका.

जे शब्द मी अडवणार नाही, पण पोरानं अडवलेत, त्यांच्यावर जरा थांबू.

`माहिती`. ‘केळी लागवड माहिती’ शोधणाऱ्यांत पहिल्यांदा केळी करणारा शेतकरी असतो. त्याला अजून रोपं कुठून घ्यायची ठाऊक नसतं. फोन लगेच येणार नाही, पण आला तर मोठा येतो. हा शब्द मोकळा करा आणि लक्ष ठेवा.

`अनुदान`. यात नुसती योजनेची चौकशी करणारे खूप आणि लागवडीचं ठरवलेले थोडे. तुमच्या शीटवर या शब्दाचा खर्च ३८० रुपये, फोन एक. एवढ्यावर निर्णय होत नाही. बुकिंगचा एक खरा फोन तुम्हाला साधारण २५० रुपयांत पडतोय. संशयित शब्दाला याच्या तिप्पट, म्हणजे ७५० रुपयांपर्यंत संधी द्या. तोवर काहीच आलं नाही तर कापा. हा नियम फक्त संशयितांसाठी. `पगार` अडवायला एक क्लिक पुरे, तिथं आकड्यांची वाट बघायची गरज नाही.

रोगांचे शब्द मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतात. ‘केळी करपा औषध’ शोधणारा रोपं घेत नाही, म्हणून `औषध`, `फवारणी`, `करपा` अडवा. पण `cmv` आणि `मोझॅक` अडवू नका. कुकुंबर मोझॅक आलेली झाडं उपटावी लागतात, आणि लागवड ताजी असेल तर शेतकरी नांग्या भरायला रोपं शोधतो. पावसाळ्यात रावेर-यावल भागात हा रोग आला की तुमच्या शोधांतही तो दिसेल. त्या शोधांसाठी वेगळी जाहिरात लावली तरी चालेल.

मोठ्या कंपन्यांची नावं. जळगावात केळीच्या टिश्यू रोपांशी जैन हे नाव इतकं जोडलेलं आहे की ‘जैन टिश्यू केळी रोप’ असं शोधणाऱ्यांतले काही नेमकं तेच घेणार असतात, तर काहींना नुसतं टिश्यूचं रोप हवं असतं. पोरानं `jain` सुटा टाकलाय. तुमच्या शीटवर या शब्दावर खर्च ५९० आणि फोन ३, म्हणजे एका फोनला दोनशेच्या आत. तो काढा. मात्र `jain irrigation career`, `jain irrigation share` अशा ओळी दिसल्या तर `career` आणि `share` अडवा, नाव नको.

टाकायच्या आधीची चाचणी

नवा निगेटिव्ह टाकायच्या आधी मी एक तपासणी करतोच, आणि ती पोरानं शिकण्यासारखी आहे. गेल्या ९० दिवसांत ज्या शोधांतून फोन आले तेवढ्याच ओळी वेगळ्या पानावर घ्या, त्यांनाही D स्तंभात मोकळी जागा जोडा. F मध्ये टाकायचे निगेटिव्ह खुणा काढून लिहा.

```
=COUNTIF(D:D,"* "&F2&" *")
```

शून्य आलं तर टाका. एक किंवा जास्त आलं तर त्या ओळी उघडून वाचा, मग ठरवा. सुटा एकच शब्द आणि अवतरणातले लागोपाठचे शब्द, दोन्हींना हे सूत्र चालतं. खुणेशिवाय टाकलेल्या दोन-तीन शब्दांच्या निगेटिव्हला चालत नाही, कारण तिथं क्रम कसाही असू शकतो. म्हणून नवख्या माणसानं नियम ठेवावा: एक शब्द असेल तर सुटा, जास्त असतील तर अवतरणात. मीही बहुतेक वेळा तेवढंच वापरतो.

गूगल कधीकधी ‘परस्परविरोधी निगेटिव्ह काढा’ अशी शिफारस दाखवतं. ती वाचा, पण तिच्यावर अवलंबून राहू नका. ती फक्त तुमच्या दाखवायच्या कीवर्डशी विरोध पाहते. `माहिती` अडवल्यानं गेलेला शेतकरी तिला दिसत नाही.

कुठं ठेवायचे

यादी एकच करा. डाव्या मेनूतल्या साधनांमध्ये निगेटिव्ह कीवर्डच्या याद्या असतात, तिथं ‘सगळीकडे नको’ अशी एक यादी करून सगळ्या मोहिमांना जोडा. नोकरी, अभ्यास, बाजारभाव तिच्यात. एका यादीत ५,००० शब्द मावतात, त्यामुळं जागेची चिंता नको. एखादा शब्द एकाच मोहिमेला नको असेल तर तेवढा त्या मोहिमेत. उद्या परफॉर्मन्स मॅक्स सुरू केलंत तर तिथंही आता निगेटिव्ह टाकता येतात, पण आधी सर्चवर यादी घासून घ्या.

आणि एक काम निगेटिव्हचं नाहीच. तुमच्या रिपोर्टमध्ये पुणे, बिहार, अगदी नेपाळचे शोध आहेत. ते शब्दांनी अडवू नका. मोहिमेच्या लोकेशनच्या पर्यायात गूगल आपणहून ‘त्या भागात असलेले किंवा त्यात रस दाखवणारे’ असं ठेवतं. रावेरमध्ये रस दाखवणारा पाटण्यात बसलेला असू शकतो. तिथं फक्त `Presence` निवडा आणि जिल्हे नेमके घ्या: जळगाव, बुरहानपुर, तुमची रोपं पोचत असतील तर धुळे-नंदुरबार. गावांची नावं निगेटिव्हमध्ये टाकायची वेळच येणार नाही.

दर आठवड्याचं काम

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या दिवशी बघा, कारण कीवर्ड बदलल्यावर नवे शोध येतील. नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सोमवार सकाळ चांगली, रविवारच्या बाजाराचे फोनही येऊन गेलेले असतात.

`Search terms` उघडा, मागचे ७ दिवस घ्या, `Added/Excluded` मध्ये `None` अशी गाळणी लावा म्हणजे आधी हाताळलेल्या ओळी दिसणार नाहीत, आणि खर्चानुसार उतरत्या क्रमानं लावा. वरच्या तीस-चाळीस ओळी वाचा. खालच्या दोन-दोन रुपयांच्या ओळींत रमू नका. प्रत्येक ओळीचं चारपैकी एक करायचं. नको असेल तर त्यातला दोषी शब्द शोधा, चाचणी लावा, यादीत टाका. चांगली असेल आणि परत परत येत असेल तर तिला दाखवायचा कीवर्ड करा. नक्की सांगता येत नसेल तर संशयितांच्या पानावर, आजच्या तारखेसह. उरलेल्या ठीक आहेत, पुढं जा. हात बसला की वीस मिनिटांचं काम आहे.

पोराला एक सवय लावा. यादीत शब्द टाकला की शीटमध्ये तारीख आणि ज्या ओळीमुळं टाकला ती ओळ लिहायची. सहा महिन्यांनी ‘हा कशाला टाकला होता’ असा प्रश्न पडतो तेव्हा दुसरं कुठंच उत्तर सापडत नाही.

महिन्यातून एकदा शब्दवार बेरीज. तेव्हाच संशयितांचा हिशेब करा: ७५० ओलांडूनही फोन नाही त्यांना कापा, फोन देणाऱ्यांना सोडा. त्याच दिवशी इतरच्या राशीचा खर्च आणि एकूण खर्च यांचं प्रमाण बघा. सैल कीवर्ड गेल्यावर ते कमी व्हायला हवं. वाढलं तर कुठलातरी कीवर्ड पुन्हा सैल झालाय.

यात एक कच्चा दुवा आहे. फोनचं बटण दाबलं म्हणजे बुकिंग नव्हे. रिपोर्टमधला ‘१’ हा भाव विचारणारा पण असू शकतो. म्हणून फोनजवळ वही ठेवा: तारीख, गाव, किती रोपं, कधी लागवड. पाच बाय पाच फुटांवर लावणारा एकरी १,७४२ रोपं मागतो, त्यामुळं ‘किती एकर’ एवढं विचारलं तरी फोन खरा की खोटा कळतो. सोमवारी रिपोर्ट आणि वही शेजारी ठेवा. रिपोर्ट आठवड्यात १२ फोन म्हणतोय आणि वहीत चारच एकरांचे असतील, तर चांगल्या वाटणाऱ्या ओळींतही गाळ आहे. कोणता फोन कुठल्या ओळीतून आला ते नक्की जुळणार नाही, पण दिवस आणि वेळ बघून अंदाज येतो.

आता या आठवड्यात

आज सुटे `भाव`, `rate`, `price`, `दर`, `माहिती`, `अनुदान`, `jain`, `बुरहानपुर` काढा. चौकटी कंसातल्या ऐंशी ओळी राहू द्या, त्या कोणाला त्रास देत नाहीत. त्या काढण्यात वेळ घालवू नका. उद्या कीवर्ड बदला आणि लोकेशन दुरुस्त करा. परवा नवी यादी चाचणी लावून टाका. तिन्ही एकाच दिवशी केलंत तरी बिघडत नाही, फक्त मग कशानं काय झालं ते सांगता येणार नाही.

दहा दिवसांनी तीन आकडे पाठवा: रोपांच्या शोधांवर किती टक्के खर्च गेला, जाहिरात किती वेळा दिसली, आणि वहीतले एकराचे फोन किती. दिसणं कमी होणारच, सैल कीवर्ड गेलाय. एकराचे फोन मात्र पूर्वीइतके परत यायला हवेत. नाही आले तर यादीत अजून एखादा चांगला शब्द अडकलाय असं समजा. यादीतले सुटे शब्द पाच-पाचच्या गटानं चार-चार दिवस काढून बघा, सापडेल.

मृगबागेची लागवड जून-जुलैत, म्हणजे तुमचं बुकिंग त्याच्या बरंच आधी सुरू होतं, आणि कांदेबागेचं पुन्हा पावसाळ्यात. दोन्ही वेळा हंगामाच्या महिनाभर आधी संशयितांचं पान नव्यानं चाळा. ऑगस्टमध्ये फोन न देणारा ‘लागवड माहिती’ एप्रिलमध्ये देऊ शकतो, म्हणून माझ्याकडं त्या पानावर प्रत्येक शब्दापुढे कापल्याचा महिनाही लिहिलेला असतो.